मिनिटांचे दिवस-तास-मिनिटं करताय? शेड्यूलमध्ये या चुका टाळा

एक्सेलमध्ये एका कॉलममध्ये कामं, दुसऱ्यात मिनिटं, आणि पुढे "२ दि ३ ता १५ मि" असं वाचता येईल असं हवंय. काम पाच मिनिटांचं वाटतं, म्हणून कोणीतरी नेटवरून फॉर्म्युला उचलतं, वरपासून खालपर्यंत ड्रॅग करतं, आणि एरर आली नाही म्हणजे बरोबर आहे असं समजून मेल करून टाकतं. फॅब्रिकेशन शॉपचं प्लॅनिंग बघताना याच चुका इतक्यांदा समोर आल्यात की आता सगळ्या एकदा लिहूनच काढतो. सगळ्यात महाग पडणारी चूक आधी.

दिवस म्हणजे १४४० मिनिटं असं धरणं

घड्याळाचा दिवस १४४० मिनिटांचा असतो, पण शॉपचा दिवस तेवढा नसतो. आमच्याकडे शिफ्ट साडेआठ ते पाच, त्यातून अर्धा तास जेवण आणि पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन चहा काढले की हातात ४५० मिनिटं उरतात. तुमचा आकडा ४८० असेल, ४२० असेल, पण एका शिफ्टमध्ये १४४० कधीच नसेल. नेटवरचे बहुतेक फॉर्म्युले मात्र १४४० ने भागतात कारण ते शेड्यूलसाठी लिहिलेलेच नसतात.

मी आधी ज्या शॉपमध्ये होतो तिथली गोष्ट. कन्व्हेयरच्या फ्रेमची ऑर्डर होती, एकच बे, एकच टीम, म्हणजे कटिंग झाल्याशिवाय वेल्डिंग नाही आणि वेल्डिंग झाल्याशिवाय ड्रिलिंग नाही, सगळं एकामागून एक. सगळ्या ऑपरेशन्सची बेरीज १२,६०० मिनिटं. ट्रेनी पोराने शीट केली, खाली टोटल आली "८ दि १८ ता ० मि", मॅनेजरने वाचलं नऊ दिवस, कस्टमरला नऊ दिवस कळवले. शीट माझ्या हातून पुढे गेली होती आणि मी फक्त मिनिटांची बेरीज तपासली होती, ती बरोबरच होती. दहाव्या दिवशी सकाळी कस्टमरचा फोन मलाच आला, त्यांनी क्रेन आणि ट्रेलर बुक करून ठेवलेला आणि आमच्याकडे फ्रेमचं निम्मं वेल्डिंगसुद्धा झालेलं नव्हतं. १२,६०० ला ४५० ने भागा, बरोब्बर २८ दिवस येतात. आठवड्याची एक सुट्टी धरली की महिना उलटून जातो. क्रेनचं भाडं आमच्या बिलातून कापलं गेलं, ते एक वेळ चालतं, पण त्यानंतर तो कस्टमर आमची कुठलीही तारीख दोनदा विचारायला लागला.

ही चूक ओळखायची खूण सोपी आहे आणि त्या शीटवर ती स्पष्ट दिसत होती. शिफ्ट साडेसात तासांची असेल तर तासांच्या जागी ७ च्या वरचा आकडा येऊच शकत नाही, कारण तेवढे तास झाले की दिवसच भरतो. "१८ ता" दिसलं तिथेच थांबायला हवं होतं. आता कोणाचीही शीट आली की मी आधी तासांवरून नजर फिरवतो, बाकी सगळं नंतर.

पण प्रत्येक ओळीला ४५० पण लावू नका

वरची चूक समजली की लोक उलट्या टोकाला जातात. पेंटचं क्युअरिंग २४ तास असेल तर ते रात्रीपण चालूच असतं, पेंटला शिफ्ट माहीत नसते. त्या १४४० मिनिटांना ४५० ने भागलं तर "३ दि १ ता ३० मि" येतं आणि शेड्यूल विनाकारण दोन दिवसांनी लांबतं. म्हणून मी दिवसाची मिनिटं फॉर्म्युल्यात लिहीतच नाही, वेगळा कॉलम ठेवतो. B मध्ये मिनिटं, C मध्ये त्या कामाचा दिवस किती मिनिटांचा. माणसाच्या कामाच्या ओळींना C मध्ये `=$H$1` आणि H1 मध्ये 450, क्युअरिंगसारख्या ओळींना सरळ 1440. उद्या दोन तास ओव्हरटाइम सुरू झाला की H1 मध्ये 570 टाकायचं, बस. मग फॉर्म्युला असा:

```
=INT(B2/C2)&" दि "&INT(MOD(B2,C2)/60)&" ता "&MOD(MOD(B2,C2),60)&" मि"
```

दोन्ही प्रकारच्या ओळींची मिळून एक टोटल काढू नका. शॉपचा एक दिवस आणि घड्याळाचा एक दिवस यांची बेरीज केली तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो, माझ्या शीटला खाली दोन टोटल असतात.

शेवटी नुसतं MOD(B2,60) लिहिणं

ही माझ्या डोक्यात जाणारी दुसरी चूक, कारण ती लपून बसते. वरच्या फॉर्म्युल्यात MOD च्या आत MOD बघून बरेच जण म्हणतात एवढं कशाला, एकूण मिनिटांना ६० ने भागून उरतील तीच मिनिटं की. दिवस ४८० चा असेल तर ते खरंच चालतं, कारण ४८० म्हणजे पूर्ण आठ तास. ४५० म्हणजे साडेसात तास, तिथे प्रत्येक दिवसामागे अर्धा तास लटकत राहतो.

वेल्डिंगची ओळ घ्या, १००० मिनिटं. दोन दिवसांचे ९०० गेले, उरले १००, म्हणजे १ तास ४० मिनिटं. शॉर्टकटनेपण ४० च येतात, माणूस खूश. आता १४०० घ्या. तीन दिवसांचे १३५० गेले, उरले ५०, उत्तर हवं "३ दि ० ता ५० मि", पण शॉर्टकट दाखवतो "३ दि ० ता २० मि". अर्धा तास गायब. आणि १३७० घेतलं तर उरतात फक्त २० पण शॉर्टकट ५० दाखवतो, म्हणजे इथे अर्धा तास उगाच वाढला. दोन दिवस म्हणजे पूर्ण १५ तास, म्हणून दिवस सम आले की उत्तर बरोबर, विषम आले की अर्ध्या तासाने चुकीचं, कधी कमी कधी जास्त. अशा शीटमध्ये कोणी पहिल्या दोन ओळी तपासल्या आणि त्या नेमक्या सम निघाल्या तर चूक पुढे महिनोन्‌महिने सापडत नाही.

माझी सवय अशी की फॉर्म्युला लिहिला की खऱ्या कामांच्या आधी चार ओळींत 449, 450, 480 आणि 1400 टाकायचे. उत्तरं यायला हवीत ० दि ७ ता २९ मि, १ दि ० ता ० मि, १ दि ० ता ३० मि आणि ३ दि ० ता ५० मि. चारही जुळले तरच ड्रॅग. दोन मिनिटं लागतात पण नवीन पोरांना तेवढाही धीर नसतो, त्यांना आधी सगळी शीट भरलेली बघायची असते.

फॉर्मॅट बदलून काम भागवणं

मिनिटांना १४४० ने भागायचं आणि सेलचा फॉर्मॅट `d h:mm` करायचा, हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. ४५० च्या दिवसाला तर तो लागूच होत नाही, पण क्युअरिंगच्या ओळींसाठीही नको. कारण `d` दिवस मोजत नाही, तो तारीख दाखवतो. एक्सेलमध्ये १ म्हणजे १ जानेवारी १९००, त्यामुळे ३१ पर्यंत ठीक दिसतं आणि ३२ दिवसांना १ फेब्रुवारीचा "१" दिसतो. गूगल शीट्समध्ये गणती ३० डिसेंबर १८९९ पासून सुरू होते, तिथे एका दिवसाच्या कामाला थेट "३१" दिसतं. नुसते तास-मिनिटं हवे असतील तर `[h]:mm` चालतं, चौकोनी कंस विसरला तर २४ तासांनंतर परत शून्यापासून मोजायला लागतं.

अपूर्णांकातली मिनिटं

२९९ नग, प्रत्येकी ०.४ मिनिट, म्हणजे ११९.६. तासाचं INT घेतलं की १ येतो, उरलेल्या ५९.६ चं ROUND केलं की ६०, आणि शीटवर छापलं जातं "१ ता ६० मि". राउंडिंग शेवटी नाही, सगळ्यात आधी करा, मिनिटांच्या कॉलममध्येच, नगांचा आकडा A2 मध्ये असेल तर `=ROUND(A2*0.4,0)`. दिवस काढताना मात्र ROUND कधीच नाही, तिथे INT च.

उणे मिनिटं

काम दीड तास मागे आहे म्हणून फरकाच्या कॉलममध्ये -90 आलं, तर वरचा फॉर्म्युला "-१ दि ६ ता ० मि" दाखवतो, कारण INT उणे आकड्याला खाली ढकलतो. वाचणाऱ्याला वाटतं जवळजवळ दोन दिवस उशीर. सगळीकडे B2 च्या जागी `ABS(B2)` घ्या आणि फॉर्म्युल्याच्या सुरुवातीला `IF(B2<0,"उशीर ","")&` जोडा.

तयार टेक्स्टवर पुढचा हिशोब करणं

"२ दि १ ता ४० मि" हे एक्सेलसाठी आकडा नाही, नुसती अक्षरं आहेत. त्या कॉलमवर SUM लावलं तर ० येतं, सॉर्ट केलं तर "१० दि" हे "२ दि" च्या आधी बसतं. कोणीतरी मिनिटांचा कॉलम "आता लागत नाही" म्हणून डिलीट करतं आणि मग सगळी मिनिटं परत जॉब कार्डावरून भरावी लागतात. कॉलम डोळ्यांना नको असेल तर हाइड करा, डिलीट नको.

एमएस प्रोजेक्टमध्ये शेड्यूल चढवतानाही टेक्स्ट नाही, मिनिटंच द्या. तिथे दिवस मुळात आठ तासांचा सेट असतो, म्हणजे आपल्या शीटवरचे ३ दिवस `3d` म्हणून टाइप केले तर १३५० च्या जागी १४४० मिनिटं बसतात. मी ड्युरेशनमध्ये `1400min` असंच टाइप करतो, आणि क्युअरिंगला `24eh`, म्हणजे तो रात्र आणि सुट्टी सोडून न देता सलग मोजतो. ऑप्शन्समध्ये Hours per day 7.5 केलं तरी कॅलेंडरमधली शिफ्टची वेळ वेगळी बदलावी लागते, नाहीतर ड्युरेशन बरोबर दिसतं आणि संपायची तारीख चुकते.