रिचार्जची किंमत नको, दिवसाचा आणि जीबीचा खर्च बघा

खेडा खरेदीला आलेल्या व्यापाऱ्याने कापसाचा भाव कितीही सांगितला, तरी आपण विचारतो की कट्टी किती कापणार आणि हातात किती पडणार. रिचार्ज मारताना मात्र दुकानदार म्हणतो, ‘दोनशे नव्व्याण्णववाला टाकू का?’ आणि आपण मान हलवतो. त्या आकड्यावरून प्लॅन स्वस्त आहे की महाग, हे ठरतच नाही. त्यासाठी छोटे भागाकार करावे लागतात, आणि त्याआधी स्वतःचा वापर माहीत असावा लागतो.

चोपडा तालुक्यातलं एक शेतकरी घर उदाहरणाला धरू. घरात तीन फोन आहेत: वडिलांचा, जळगावला कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचा आणि आजीचा बटणाचा. खालचे दर हिशेब समजण्यापुरते घेतले आहेत. तुम्ही आज दिसणारे दर घालून हेच गणित करा.

पहिली पायरी: दिवसाचा खर्च काढा

किमतीला वैधतेच्या दिवसांनी भागा. २९९ रुपये आणि २८ दिवस म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. ७९९ रुपये आणि ८४ दिवस म्हणजे ९ रुपये ५१ पैसे. खिशातून एकदम जास्त गेले, तरी दिवसाला दुसराच स्वस्त आहे.

इथे ‘महिना’ हा शब्द डोक्यातून काढून टाका. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १२ वेळा नाही, १३ वेळा मारावा लागतो. वर्षाचे ३,५८८ रुपये धरले असतील, तर प्रत्यक्षात ३,८८७ जातात आणि तरीही ३६४च दिवस होतात. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला हातात पैसे येणाऱ्यांसाठी ३० दिवसांचा किंवा दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा प्लॅन सोयीचा असतो. असे प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवावेत, असा दूरसंचार नियामक ट्रायचा २०२२चा आदेश आहे. यादीत खाली शोधावे लागतात, पण असतात. भागाकार मात्र त्यांचाही करा.

दुसरी पायरी: खरा वापर मोजा

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून ही पायरी टाळू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा सिम कार्डच्या भागात मोबाइल डेटा वापर दिसतो. तिथे मोजणी सुरू होण्याची तारीख रिचार्जच्या तारखेला लावा आणि एक पूर्ण फेरी जाऊ द्या. दोन सिम असतील, तर दोघांचा आकडा वेगळा बघा. वायफायचा वापर यात मिसळू नका.

आपल्या उदाहरणात वडिलांचे २८ दिवसांत १४ जीबी निघाले असं समजा: केळीचे भाव, व्हॉट्सअ‍ॅप, संध्याकाळी थोडे व्हिडिओ. म्हणजे दिवसाला अर्धा जीबी.

तिसरी पायरी: वापरलेल्या जीबीने भागा

दोन प्लॅन समोर आहेत. २९९ रुपयांत २८ दिवस रोज दीड जीबी, म्हणजे एकूण ४२ जीबी. ३४९ रुपयांत तितकेच दिवस रोज २ जीबी, म्हणजे ५६ जीबी. दिलेल्या डेटाने भागलं, तर पहिल्यात जीबीला ७ रुपये १२ पैसे पडतात आणि दुसऱ्यात ६ रुपये २३ पैसे. ‘पन्नास रुपये जास्त टाका, डेटा स्वस्त पडतो’ असं कोणी म्हणालं, तर ते कागदावर खरं आहे.

पण वडील वापरतात १४ जीबी. आता २९९ला १४ने भागा: २१ रुपये ३६ पैसे. ३४९ला भागा: २४ रुपये ९३ पैसे. स्वस्त वाटलेला प्लॅन त्यांच्यासाठी महाग निघाला. कारण सरळ आहे: रोजचा उरलेला डेटा बहुतेक प्लॅनमध्ये रात्री १२ वाजता जातो. काही ठिकाणी तो शनिवार-रविवारी वापरता येतो. तसं असेल, तरच तो हिशेबात धरा.

मग आणखी खाली यावं का? १८९ रुपयांत २८ दिवस आणि एकूण फक्त २ जीबी, असाही प्लॅन असतो. दिवसाला ६ रुपये ७५ पैसे, पण जीबीला साडेचौऱ्याण्णव! २९९ आणि १८९ यांत ११० रुपयांचा फरक आहे. वडिलांना लागणारे वरचे १२ जीबी ११० रुपयांच्या आत मिळाले, तरच हा प्लॅन परवडतो. तेवढा डेटा पॅक १६१ रुपयांना असेल, तर बेरीज ३५० होते. म्हणून वडिलांसाठी २९९वालाच बरा. महिन्याला दीड-दोन जीबीच लागणाऱ्याने मात्र १८९वाला डोळे झाकून घ्यावा.

डेटा पॅक घेताना त्याची वैधता वेगळी वाचा. काही पॅक मुख्य प्लॅन संपेपर्यंत चालतात, काही ७ दिवसांत संपतात, काही त्याच दिवशी.

मुलाचा हिशेब उलटा लागतो

त्याचा दीड जीबी संध्याकाळीच संपतो. नंतर नेट बंद पडत नाही, पण वेग साधारण ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे मेसेज जेमतेम जातो आणि लेक्चरचा व्हिडिओ फिरतच राहतो. मग तो २२ रुपयांचा एक दिवसाचा पॅक टाकतो. २८ दिवसांत असे ६ पॅक झाले, तरी २९९ आणि १३२ मिळून ४३१ रुपये झाले. त्याला ३४९चाच प्लॅन हवा होता. हे किरकोळ पॅक कोणी लक्षात ठेवत नाही, म्हणून पेमेंट अ‍ॅपचा इतिहास उघडून बेरीज करा. काही अ‍ॅप प्रत्येक रिचार्जवर वरून एक ते तीन रुपये घेतात, तेही त्यात धरा.

‘५जी अमर्याद’ लिहिलेलं असेल, तर दोन गोष्टी तपासा: फोन ५जी आहे का, आणि तुम्ही जिथे दिवसभर असता तिथे वर ‘5G’ दिसतं का. जळगावच्या खोलीत दिसेल, शेतात दिसेलच असं नाही. जिथे ४जीच मिळतं, तिथे रोजच्या ४जी डेटानेच भागा.

आजीचा फोन

‘माले नेट काय करनं शे, बोलता उनं म्हंजे झायं,’ असं म्हणणाऱ्यांच्या फोनवरही घरचे डेटाचा प्लॅन मारत राहतात. ट्रायने डिसेंबर २०२४मध्ये नियम बदलून कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देणं बंधनकारक केलं, आणि अशा व्हाउचरची वैधता ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला मुभा दिली. समजा ८४ दिवसांना ४६९ रुपये: दिवसाला ५ रुपये ५८ पैसे. २९९च्या प्लॅनपेक्षा दिवसाला पाच रुपयांहून जास्त वाचतात. दुकानदाराला ‘नुसता कॉलिंगवाला’ असं स्पष्ट सांगा.

लांबचा प्लॅन घेण्याआधी

७९९वाला ८४ दिवसांत तीन वेळा २९९ मारण्यापेक्षा ९८ रुपये वाचवतो. पण आधी त्या कंपनीची रेंज तुमच्या घरात आणि शेतात आहे का, हे २८ दिवसांच्या प्लॅनवर पाहून घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर हे फार महत्त्वाचं आहे. रेंज नाही म्हणून मध्येच नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला, तर उरलेली वैधता बुडते. ९८ रुपये वाचवायला जाऊन पाचशे गेले, असं होऊ देऊ नका.

जुना प्लॅन संपण्याआधी नवा मारत असाल, तर नवा लगेच सुरू होतो की रांगेत थांबतो, हे पैसे भरण्याआधी विचारा.