फोनचं व्हायब्रेशन कमी झालं किंवा बंद पडलं? मोटर बदलण्याआधी या चुका टाळा

"मोटर गेलीय, बदलून द्या," असं सांगत जे फोन दुरुस्तीच्या टेबलावर येतात, त्यातल्या बऱ्याच फोनची मोटर शाबूत असते. एखादं सेटिंग बदललेलं असतं, कव्हर आड येत असतं, किंवा आधीच्या दुरुस्तीत मोटरपर्यंतचा वीजसंपर्क सैल राहिलेला असतो. व्हायब्रेशनवर ज्यांचा दिवस चालतो, म्हणजे ज्यांना ऐकू येत नाही, जे गोंगाटात काम करतात, ज्यांना फोन सायलेंटवर ठेवावाच लागतो, त्यांना हे दुखणं बरोबर ओळखणं फार गरजेचं आहे.

पहिली चूक: फोनलाच न विचारता निदान करणं

मोटर चालते की नाही हे ठरवायला कुणाच्या कॉलची वाट बघू नका. कॉल, मेसेज आणि अलार्म या प्रत्येकाच्या मध्ये सेटिंगचे थर असतात. हे थर ओलांडून मोटरला थेट वीज देणारी चाचणी बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असते. सॅमसंगच्या बहुतेक फोनमध्ये डायलरवर हा कोड टाकला की चाचणीचा पडदा उघडतो:

```
*#0*#
```

त्यात `Vibration` असं बटण दिसेल. शाओमी आणि रेडमीच्या फोनमध्ये हा कोड वापरून बघा:

```
*#*#6484#*#*
```

कोड चालला नाही तर सेटिंगमध्ये व्हायब्रेशनची तीव्रता कमी-जास्त करणारी पट्टी शोधा. ती सरकवताना बरेच फोन नमुन्यादाखल थरथरतात.

चाचणी घेताना फोन कव्हरातून काढा आणि तळहातावर सैल धरा, मुठीत आवळू नका. थरथर नीट जाणवली तर मोटर ठीक आहे, दोष सेटिंगमध्ये शोधा. काहीच जाणवलं नाही तर एकदा फोन रीस्टार्ट करून पुन्हा बघा. तरीही शांतता असेल तर दोष बहुधा मोटरचा किंवा तिच्या जोडणीचा. थरथर आहे पण खडखड ऐकू येते किंवा ताकद नाही, हा तिसरा प्रकार. त्याच्याकडे खाली येऊ.

दुसरी चूक: एकच सेटिंग बघून थांबणं

पूर्वी फोनमध्ये व्हायब्रेशनचं एकच बटण असायचं. आता कॉलचं वेगळं, नोटिफिकेशनचं वेगळं आणि स्क्रीनला बोट लावल्यावरचं वेगळं असतं. सॅमसंगमध्ये `Vibration intensity` उघडलं की या सगळ्यांच्या वेगवेगळ्या पट्ट्या दिसतात. कॉलची पट्टी अगदी कमीवर असेल आणि बोट लावल्यावरची जास्तीवर, तर टाइप करताना फोन टिकटिकतो पण कॉल आल्यावर गप्प राहतो. अशा फोनची मोटर बदलायला सांगणं म्हणजे पैसे वाया घालवणं. रिंग वाजत असताना थरथर हवी असेल तर त्याचंही बटण वेगळं असतं.

त्याखाली ॲपची पायरी येते. व्हॉट्सॲपच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये मेसेज, ग्रुप आणि कॉल यांचं व्हायब्रेशन वेगवेगळं ठरवता येतं. तिथे ते बंद असेल तर फोनची बाकी सगळी सेटिंग बरोबर असूनही मेसेज आल्याचं खिशात कळणार नाही. शिवाय अँड्रॉइड 8 पासून प्रत्येक ॲपची नोटिफिकेशन गटागटांत विभागलेली असतात आणि प्रत्येक गटाचं व्हायब्रेशन स्वतंत्रपणे बंद करता येतं. बँकेचे मेसेज थरथरतात आणि ऑफिसचा ईमेल थरथरत नाही, असं असेल तर कारण हमखास इथेच सापडतं.

'डू नॉट डिस्टर्ब' आणि बॅटरी सेव्हर या दोन गोष्टीही तपासा. बॅटरी सेव्हर चालू असताना बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हायब्रेशनवर मर्यादा येते. संध्याकाळी चार्ज कमी झाल्यावरच व्हायब्रेशन जात असेल आणि चार्जिंगनंतर परत येत असेल, तर मोटरवर संशय घेऊच नका.

आयफोनमध्ये एक बटण सगळ्यांवर मात करतं. ते `Settings > Accessibility > Touch > Vibration` इथे आहे. ते बंद असेल तर इतर कुठेही काहीही चालू केलं तरी फोन थरथरत नाही. मुलांच्या हाती फोन दिल्यावर किंवा जुन्या फोनवरून सेटिंग आणल्यावर ते बंद राहून गेलेलं असू शकतं, आणि घरातल्या कुणालाही ते आठवत नाही.

तिसरी चूक: कव्हर न काढता ताकद मोजणं

मोटर जितका जोर लावते तो ठरलेला असतो. त्या जोरावर जितकं जास्त वजन हलवायचं तितकी थरथर कमी. फोन 190 ग्रॅमचा आणि जाड कव्हर, मागची रिंग वगैरे मिळून 60 ग्रॅम धरले, तर एकूण 250 ग्रॅम झाले. म्हणजे मोकळा धरलेला फोन जितका हलला असता त्याच्या जवळपास तीन चतुर्थांशच आता हलेल. वर कव्हर मऊ सिलिकॉनचं असेल तर उरलेल्या थरथरीतली बरीच ते स्वतःच गिळतं. नवं कव्हर घातल्यापासून कॉल चुकायला लागले असतील तर आधी जुनं कव्हर लावून एक दिवस बघा.

गाडीतल्या होल्डरसाठी कव्हरच्या आत लोखंडी चकती चिकटवलेली असते, तिच्याकडेही लक्ष द्या. नव्या फोनच्या मोटरमध्ये हलणारा भाग म्हणजे चुंबक असतो. जवळचं लोखंड किंवा दुसरा चुंबक त्याला एका बाजूला ओढून धरू शकतो. चकती काढल्यावर ताकद परत आली तर ती मोटरपासून दूर, फोनच्या दुसऱ्या टोकाकडे लावा. मोटर कुठे आहे ते चाचणी चालू असताना पाठीवरून बोट फिरवलं की कळतं.

चौथी चूक: मोटर कोणत्या जातीची आहे हे न बघता तपासणं

हे दुरुस्ती करणाऱ्यांसाठी, आणि दुकानात उभं राहून दुरुस्ती बघणाऱ्यांसाठीही. फोनमध्ये दोन जातींच्या मोटर येतात. एकीत छोटं वजन तिरकं बसवलेलं असतं आणि ते गोल फिरतं. साध्या फोनमधली नाण्यासारखी चपटी मोटर ती हीच. दुसरीत फिरणारं काही नसतं. स्प्रिंगवर बसवलेला चुंबक मागेपुढे किंवा वरखाली हलतो. आयफोनची टॅप्टिक मोटर या जातीची, आणि आता मध्यम किमतीच्या बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्येही हीच असते.

फिरणाऱ्या मोटरला पॉवर सप्लायवरून 3 व्होल्टच्या आत डीसी दिला की ती घरघर करत फिरते. स्प्रिंगवाल्या मोटरला डीसी दिला तर चुंबक एकदा सरकतो आणि तिथेच थांबतो. एक 'टक' ऐकू येतं आणि मग काही नाही. कारण तिला उलटसुलट होणारी वीज लागते, तीही तिच्या ठरलेल्या कंप्रतेची, साधारण 150 ते 250 हर्ट्झच्या दरम्यान. हे माहीत नसलेला माणूस 'टक' ऐकून मोटर मेली असं ठरवतो, आणि डीसी तसाच लावून ठेवला तर गुंडाळी तापून ती खरोखरच जाते. अशा मोटरची गुंडाळी मल्टिमीटरने तपासा. रोध काही ओहमांपासून काही दहा ओहमांपर्यंत दाखवला तर गुंडाळी शाबूत आहे. काटा हललाच नाही किंवा डिजिटल मीटरवर `OL` आलं तर गुंडाळी तुटलेली आहे.

स्प्रिंगवाली मोटर बदलताना 'बसते ना, मग चालेल' असं म्हणू नका. आकार सारखा आणि कंप्रता वेगळी असलेली मोटर लावली तर ती चालेल, पण लुळी चालेल. फोनच्याच मॉडेलची मोटर मागवा.

फिरणाऱ्या मोटरची खूण वेगळी आहे. फोनला टिचकी मारल्यावर व्हायब्रेशन सुरू होतं आणि थोड्या वेळाने पुन्हा बंद पडतं, तर आतले ब्रश झिजलेले असतात आणि मोटर एखाद्या ठिकाणी अडकून राहते. टिचकी तिला तेवढ्यापुरती पुढे ढकलते. फोन टेबलावर आपटून ती दुरुस्त होत नाही, काच मात्र फुटते.

पाचवी चूक: आधीच्या दुरुस्तीबद्दल न विचारणं

एक एसटी कंडक्टर आले होते. "भाऊ, रिंग वाजते पण गाडीत ऐकू येत नाही, आणि खिशात तर कळतच नाही." चाचणीच्या पडद्यावर फोन हलका थरथरत होता, मध्येच थांबत होता आणि खालच्या बाजूने बारीक खडखड येत होती. कव्हर काढून फारसा फरक पडला नाही. चार्जिंगचं काम कधी केलंत का, असं विचारल्यावर कळलं की पिन सैल झाली म्हणून काही महिन्यांपूर्वी खालचा चार्जिंग बोर्ड बदलून घेतला होता.

पाठ उघडल्यावर सगळं समोर आलं. त्या मॉडेलमध्ये मोटर तळाशी बसते आणि चार्जिंग बोर्डवरच्या दोन स्प्रिंग-पत्त्यांमधून तिला वीज मिळते. एक पत्ती चपटी झाली होती, म्हणून ती कधी टेकायची, कधी नाही. मोटरखालची चिकटपट्टीही बोर्ड बदलताना निघाली होती आणि परत लावलेलीच नव्हती. मोटर आपल्या खाचेत नुसती ठेवलेली होती, त्यामुळे अर्धी ताकद फोनला हलवण्याऐवजी खडखडण्यात जात होती. मल्टिमीटरने गुंडाळी चांगली दाखवली. पत्ती चिमट्याने अलगद उचलली, संपर्काच्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या आणि मोटरखाली नवी दुहेरी चिकटपट्टी लावली. मोटर तीच राहिली.

पाण्यात भिजलेल्या फोनमध्ये याच पत्त्यांवर हिरवट-पांढरा थर दिसतो. तो पुसून संपर्क परत येतो, पण मोटरच्या आत पाणी गेलं असेल तर ती बदलावीच लागते.

पाठ उघडल्यावर बॅटरी फुगलेली दिसली तर व्हायब्रेशनचं काम बाजूला ठेवा. फुगलेल्या बॅटरीवर पाठ दाबून बसवू नका, टोकदार चिमटा तिच्या जवळ नेऊ नका, आधी ती बदला.

आणि पाठ चिकटवण्याआधी, बॅटरीची पट्टी जोडून, चाचणीचा कोड पुन्हा एकदा टाकून बघा. पाठ एकदा चिकटवली की ती परत काढताना गरम करावी लागते. पाणी अडवणारी पट्टी तर पहिल्यांदा उघडतानाच गेलेली असते, म्हणून नवी लावायला सांगा आणि त्यानंतरही तो फोन पावसात पूर्वीइतका सुरक्षित आहे असं धरून चालू नका.