कार्यशाळेचे वेळापत्रक लिहिताना: बचत गटांच्या नोंदींच्या प्रशिक्षणाचा अनुभव

बचत गटांच्या हिशेबनीस महिलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवसाची कार्यशाळा घेण्याचे काम माझ्याकडे पहिल्यांदा आले, तेव्हा मी पाऊण तासाची आठ सत्रे एकाखाली एक लिहून वेळापत्रक पाठवून दिले होते. त्या दिवशी कॅशबुकचे सत्र साडेबारापर्यंत लांबले, खातेवही जेवणानंतर कशीबशी उरकली आणि दुरुस्तीचा सराव राहूनच गेला. चूक अशी होती की मी विषय मोजले होते, पण त्या विषयात सहभागींना हाताने किती लिहावे लागणार आहे, ते मोजले नव्हते.

पुढच्या वेळी मी आधी सराव ठरवला. बारा सभासदांची एक बैठक, प्रत्येकीची शंभर रुपये बचत, दोन कर्जहप्ते व्याजासह आणि बँकेत एक भरणा, एवढे व्यवहार कॅशबुकात लिहून अखेरची शिल्लक काढायची होती. मला त्यासाठी आठ मिनिटे लागली, पण शेजारच्या गटातील एका ताईंना तेच काम दिले तेव्हा बावीस मिनिटे लागली. म्हणून लेखनासाठी तीस मिनिटे धरली. त्याआधी समजावण्यासाठी दहा, नंतर शिल्लक जुळवून पाहण्यासाठी पंधरा आणि वह्या आवरून पुढच्या कामाकडे वळण्यासाठी पाच मिनिटे ठेवली, आणि एक तासाचे सत्र तयार झाले. एका सत्राचा असा हिशेब मांडला की दिवसभरात खरोखर किती विषय बसतात ते उघड होते. आमच्या बाबतीत आठांऐवजी तीनच बसले.

सादरीकरणाची वेळही अशीच काढावी. तीस महिलांचे पाच-पाच जणींचे सहा गट केले आणि प्रत्येक गटाला सहा मिनिटे दिली, तर छत्तीस मिनिटे होतात. उठणे, बसणे आणि एखाद्या गटाचे लांबलेले बोलणे धरून मी तिथे पंचेचाळीस मिनिटे लिहिते. सहभागींच्या प्रतीत ‘राखीव वेळ’ असा शब्द मात्र मी कधीही लिहीत नाही, कारण तसा लिहिला की त्या वेळेत चहा किंवा भाषण हमखास शिरते.

सुरुवातीच्या वेळेबद्दल एसटीला विचारावे. आमच्या गावांकडची सकाळची बस दहाच्या सुमारास पोहोचत असे, त्यामुळे साडेनऊची वेळ लिहिण्याला अर्थ नव्हता. परतीची बस साडेचारला असल्यामुळे समारोप चारला संपणे भाग होते. या दोन टोकांच्या मध्ये बसवलेले आणि सहभागींना पाठवलेले वेळापत्रक असे होते:

१०.०० ते १०.३० नोंदणी आणि चहा
१०.३० ते १०.४५ ओळख
१०.४५ ते ११.४५ कॅशबुक लिहिणे
११.४५ ते १२.०० विश्रांती
१२.०० ते १.०० खातेवही आणि सभासदांची पासबुके
१.०० ते १.४५ जेवण
१.४५ ते २.४५ गटकार्य: स्वतःच्या वह्यांतील चुका शोधणे
२.४५ ते ३.०० चहा
३.०० ते ३.४५ गटांचे सादरीकरण
३.४५ ते ४.०० समारोप आणि पाहुण्यांचे मनोगत

पाहुण्यांना मी मुद्दाम शेवटी ठेवले. दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगत यांसाठी सकाळी लिहिलेली पंधरा मिनिटे तासभर लांबलेली मी पाहिली आहेत, आणि सकाळचा तास गेला की कॅशबुकाचाच सराव कापावा लागतो. समारोप लांबला तर निदान शिकणे पूर्ण झालेले असते, आणि बसची वेळ जवळ आल्याने वक्तेही आटोपते घेतात.

जी वही लागेल, ती ज्या सत्रात लागेल त्याच ओळीखाली लिहावी. आम्ही ‘मागील तीन महिन्यांचे दप्तर आणावे’ असे तळाशी लिहिले होते, तेव्हा अनेकजणी रिकाम्या हाताने आल्या. ‘गटकार्य: यासाठी आपल्या गटाचे कॅशबुक आणि खातेवही सोबत असावी’ असे १.४५ च्या सत्राखाली लिहिल्यावर बहुतेकींनी दप्तर आणले. संदेश व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर तक्ता करू नये, कारण मोबाइलच्या अरुंद पडद्यावर रकाने विस्कटतात. वरच्याप्रमाणे एका ओळीत एक सत्र पुरते. आठ दिवस आधी पाठवलेले वेळापत्रक आदल्या संध्याकाळी पुन्हा पाठवावे, म्हणजे सकाळी शोधाशोध करावी लागत नाही.

प्रशिक्षकाची प्रत वेगळी असते. तिच्यात प्रत्येक तासाची मिनिटांतली फोड असते आणि समासात कापण्याची जागा खूण करून ठेवलेली असते. माझ्या प्रतीत बारा वाजण्याच्या ओळीसमोर असे लिहिलेले आहे: ‘वीस मिनिटे उशीर झाला असल्यास पासबुकाचा दुसरा नमुना सोडावा, जेवण एकलाच.’