साहेबांचीच तक्रार करायची, तर पहिला मेल कुणाला?

बहुतेक कंपन्यांच्या धोरणात तक्रारीची पहिली पायरी ‘आपल्या वरिष्ठांशी बोला’ अशी असते. त्रास वरिष्ठांचाच असेल तेव्हा थोडं पुढे वाचा. वरिष्ठाविरुद्ध तक्रार असल्यास कुणाकडे जायचं, याचं कलम बऱ्याचदा तिथेच असतं. त्या कलमाचा क्रमांक लिहून ठेवा. मेलमध्ये तो टाकला की ‘डोक्यावरून गेलात’ हा आरोप टिकत नाही.

१. आधी त्रास कोणत्या जातीचा आहे ते ठरवा

लैंगिक छळ असेल तर एचआरशी चर्चा करत बसू नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावी लागते, आणि महिला कर्मचाऱ्याने लेखी तक्रार थेट तिच्याकडे द्यायची. मुदत शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. ‘आधी आपसात मिटवू’ म्हणत एचआरने दोन महिने घालवले, तर ते तुमच्या मुदतीतून जातात. चौकशी चालू असताना तुमचं अप्रेझल त्याच साहेबाने लिहू नये, अशी लेखी मागणी समितीकडे करता येते. कर्मचारी दहापेक्षा कमी असतील किंवा त्रास देणारा खुद्द मालक असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती.

खोटी बिलं, टक्केवारी असला पैशाचा मामला व्हिसलब्लोअर धोरणातल्या पत्त्यावर जातो. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ही यंत्रणा ठेवावीच लागते, आणि अपवादात्मक प्रकरणात थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांपर्यंत जाण्याची सोयही त्यात असावी लागते.

उरला तो अपमान, शिवीगाळ, मुद्दाम रजा अडवणं. खासगी नोकरीत नुसत्या आरडाओरड्यासाठी असा वेगळा कायदा नाही, म्हणून खरी निवड इथेच करावी लागते.

२. माणूस निवडताना दोन गोष्टी बघा

तो साहेबाला आदेश देऊ शकतो का? आणि साहेब वाचला तर त्याचा फायदा आहे का? पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तोच पत्ता.

समजा, चाकणच्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात डिस्पॅचचा मॅनेजर एका मुलाला सगळ्यांसमोर शिव्या घालतो. त्याच्या वर प्लँट हेड आहे. पण मॅनेजरला आधीच्या कंपनीतून यानेच आणलंय, आणि महिनाअखेरीचे आकडे त्याच्याच जिवावर निघतात. आदेश देऊ शकतो, पण देणार नाही. प्लँटची एचआर? ती प्लँट हेडलाच रिपोर्ट करते. राहिले पुण्याच्या मुख्य कार्यालयातले एचआर हेड. त्यांचा त्या आकड्यांशी संबंध नाही आणि प्लँट हेडला ते जाब विचारू शकतात. मेल त्यांना, एकट्यांना. सीसीमध्ये पाच जण घातले की प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघेल.

३. पोर्टलवर टाकण्याआधी वाट तपासा

हे फार जण विसरतात. एचआर पोर्टलवरचं तिकीट कधीकधी आपोआप रिपोर्टिंग मॅनेजरकडे मंजुरीला जातं, रजेच्या अर्जासारखं. आधी किरकोळ तिकीट टाका, उदाहरणार्थ ओळखपत्रावरच्या नावाची दुरुस्ती, आणि ते कुणाच्या नावावर पडतं ते बघा. साहेबाचं नाव दिसलं तर पोर्टल सोडा, मेल करा.

४. पहिला मेल छोटा ठेवा

‘धोरणाच्या अमुक कलमानुसार ही तक्रार थेट आपल्याकडे देत आहे, कारण ती माझ्या रिपोर्टिंग मॅनेजरबद्दल आहे. कृपया माझ्याशी बोलण्याआधी ती त्यांना किंवा प्लँटमध्ये कुणाला पाठवू नये.’ खाली तारीख, वेळ, शब्द जसेच्या तसे आणि समोर कोण होतं, अशा तीन-चार घटना. ‘ते नेहमीच असं वागतात’ या वाक्यावर चौकशी करता येत नाही. पुराव्यासाठी ऑफिसचे मेल स्वतःच्या जीमेलवर मात्र पाठवू नका. माहिती बाहेर नेली म्हणून उलटी तुमचीच चौकशी लागू शकते. घटनांची नोंद घरच्या वहीत ठेवा.

५. पत्ता चुकला हे कसं कळतं

लेखी मेलला उत्तर फोनवर येतं आणि ‘साहेबांशी एकदा बोलून घ्या ना’ असा सल्ला मिळतो. किंवा दुसऱ्याच दिवशी साहेब अचानक गोड तरी होतो, नाहीतर तुमची शिफ्ट तरी बदलतो. फोन झाल्यावर लगेच ‘आपण आज मला असं सांगितलंत’ एवढा मेल टाका. धोरणात दिलेल्या मुदतीत, ती नसेल तर साधारण दहा दिवसांत, लेखी उत्तर आलं नाही तर तीच साखळी फॉरवर्ड करून त्याच्या वरच्याकडे जा. नव्याने सगळी कहाणी लिहू नका. आधीच्या माणसाला कधी कळवलं होतं, ते त्या साखळीतल्या तारखेवरूनच दिसतं.