दोन टप्प्यांची चाचणी: गटाचे गुण फक्त फायद्यासाठी धरायचे असतील तर

चाचणी संपली की मुलं वर्गाबाहेर पडता पडताच एकमेकांना विचारू लागतात, ‘तिसऱ्याचं उत्तर काय लिहिलंस?’ दोन टप्प्यांच्या चाचणीत हीच चर्चा वर्गातच, पेपरचा भाग म्हणून घडवून आणतात. आधी प्रत्येकाने एकट्याने पेपर सोडवायचा. तो गोळा झाला की लगेच तीन-चार जणांच्या गटाने बहुतेक तेच प्रश्न पुन्हा सोडवून एकच उत्तरपत्रिका द्यायची. कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियात ही पद्धत चांगली रुजली. नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांच्या नावाने तिथे 2007 मध्ये विज्ञान-शिक्षण सुधारण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला आणि त्यातून भौतिकशास्त्रासह अनेक विषयांच्या वर्गांत ती पसरली. आपल्याकडे कॉलेजात अंतर्गत मूल्यमापनाच्या चाचण्या शिक्षकाच्या हातात असतात. तिथे ती सहज बसते. पण गुण कसे धरायचे हे आधी पक्कं नसेल, तर निकालाच्या दिवशी वाद ठरलेला.

वेळ आणि प्रश्न

तासाभराची चाचणी असेल तर चाळीस मिनिटं एकट्यासाठी आणि वीस मिनिटं गटासाठी ठेवा. यातली दोन-तीन मिनिटं पेपर गोळा करण्यात आणि बाकं सरकवण्यात जातात, म्हणून वैयक्तिक पेपर थोडा आखूडच काढावा. सगळ्यांचे पेपर हातात आल्याशिवाय गटाचा कागद वाटू नका. एकाचाही पेपर बाकावर राहिला, तर तो चर्चा ऐकून उत्तर बदलू शकतो आणि मग वैयक्तिक गुणांना अर्थ उरत नाही.

गटाच्या कागदावर लांबलचक आकडेमोड ठेवू नये, कारण मग एक जण लिहितो आणि बाकीचे बघत बसतात. जिथे मतभेद होतील असे प्रश्न निवडा. उदाहरणार्थ: चेंडू सरळ वर फेकला, तर सर्वांत वरच्या बिंदूवर त्याचं त्वरण किती? बरीच मुलं ‘शून्य’ लिहितात. गटात असा संवाद होतो:

‘वर गेल्यावर तो थांबतो, म्हणजे शून्यच.’

‘वेग शून्य होतो रे. त्वरणही शून्य असतं, तर तो तिथेच राहिला असता. खाली का आला?’

हे दुसरं वाक्य शिक्षकाने दहा वेळा सांगितलं तरी पोचत नाही. बाकावरच्या मित्राने नेमक्या त्या क्षणी विचारलं की पोचतं, कारण पाच मिनिटांपूर्वीच आपण स्वतः ‘शून्य’ लिहून दिलेलं असतं आणि आता खरं काय ते कळायला हवं असतं.

अंतिम गुण काढणं

दोन्ही टप्प्यांचे गुण आधी शंभरपैकी करून घ्या. वैयक्तिक पेपर 20 गुणांचा आणि गटाचा 10 गुणांचा असेल आणि ते तसेच मिसळले, तर सगळा हिशेब कोसळतो. मग वाटा ठरवा. सहसा वैयक्तिक पेपरला 85 ते 90 टक्के आणि गटाला 10 ते 15 टक्के वजन देतात. मी 85 आणि 15 धरून उदाहरण देतो.

एका गटात चौघे आहेत. त्यांचे वैयक्तिक गुण 92, 70, 54 आणि 38 आहेत आणि गटाच्या कागदाला 86 मिळाले. गटाचा वाटा सगळ्यांना सारखाच, 86 चे 15 टक्के म्हणजे 12.9. सत्तरवाल्याचे स्वतःचे 59.5 अधिक 12.9, एकूण 72.4. चोपन्नवाल्याचे 58.8 होतात, अडतीसवाल्याचे 45.2. ब्याण्णववालीचे मात्र 78.2 अधिक 12.9, म्हणजे 91.1 होतात, तिच्या मूळ गुणांपेक्षा कमी. इथे नियम कामाला येतो: मिश्र गुण मूळ गुणांपेक्षा जास्त असतील तरच धरायचे, नाहीतर वैयक्तिक गुण जसेच्या तसे. तिचे 92 कायम.

या नियमामुळे हुशार मुलांची ‘दुसऱ्यांमुळे माझे मार्क का जावेत?’ ही रास्त तक्रार मिटते आणि ती मोकळेपणाने समजावून सांगू लागतात. ‘आयते गुण मिळतील’ ही भीतीही हिशेबात टिकत नाही. एकट्याने 20 मिळवणाऱ्याच्या गटाला शंभरपैकी शंभर मिळाले, तरी त्याचे 17 अधिक 15, म्हणजे 32 च होतात.

एक्सेलमध्ये B रकान्यात वैयक्तिक आणि C रकान्यात गटाचे गुण, दोन्ही शंभरपैकी, असे भरले की सूत्र असं:

```
=IF(B2="","",MAX(B2,0.85*B2+0.15*C2))
```

सुरुवातीच्या अटीमुळे, जो वैयक्तिक पेपरला आलाच नाही आणि नंतर गटात येऊन बसला, त्याला फुकटचे गुण मिळत नाहीत. गटाच्या फेरीआधी कोणी निघून गेलं तर C चा चौकोन रिकामा ठेवा, त्याला वैयक्तिक गुण मिळतील. तिथे ‘गैरहजर’ असा शब्द टाकला, तर सूत्र `#VALUE!` दाखवेल. पूर्णांक करायचा असेल तर तो शेवटच्या आकड्याचाच करा. मधल्या दोन भागांचा वेगळा केला, तर एखाद्याचा गुण वर-खाली होतो.

चाचणीआधी सांगायच्या दोन गोष्टी

वरच्या उदाहरणातला अडतीसवाला पुन्हा बघा. उत्तीर्ण होण्याची रेषा 40 असेल, तर तो एकट्याने नापास आहे आणि गटासह पास. दोन्ही निर्णयांच्या बाजूने बोलता येतं, पण माझ्या मते पास-नापास वैयक्तिक गुणांवर ठरवावं आणि गटाचा फायदा पास झालेल्यांनाच द्यावा. ती पदवी त्या एकट्याच्या नावावर असते. निर्णय काहीही घ्या, पण तो पेपरच्या आधी लेखी द्या. निकाल पाहून ठरवला, तर तो नियम न राहता त्या एका मुलाबद्दलचा निवाडा होतो.

दुसरी गोष्ट वर्षभराच्या बेरजेची. ‘जास्त असेल ते’ हे प्रत्येक चाचणीला लावायचं की सगळ्या चाचण्यांची बेरीज करून शेवटी एकदाच? एखाद्याला पहिल्या चाचणीत गटामुळे 3 गुणांचा फायदा होत असेल आणि दुसरीत 2 गुणांचा तोटा, तर प्रत्येक चाचणीला नियम लावल्यावर त्याला 3 वाढीव मिळतात, शेवटी लावल्यावर 1. मी प्रत्येक चाचणीला लावणं पसंत करतो, कारण मग एका चाचणीतला कमजोर गट दुसरीतल्या कमाईला धक्का लावत नाही.

निकालानंतर काय तपासायचं

गटात कोणाचा तरी आवाज दबतोय का, हे कागदांवरूनच कळतं. गटाचं चुकलेलं प्रत्येक उत्तर घ्या आणि त्याच गटातल्या वैयक्तिक उत्तरपत्रिका उघडा. कोणी एकट्याने बरोबर लिहिलं होतं आणि गटाने चूक दिलं, तर त्या मुलाने किंवा मुलीने सांगितलंच नाही किंवा सांगूनही कोणी ऐकलं नाही. असं एखाद्या प्रश्नात घडलं तर सोडून द्या. त्याच गटात वारंवार दिसलं, तर पुढच्या वेळी गट बदला आणि त्या कागदावर प्रत्येक उत्तराखाली एका ओळीत कारण लिहायला सांगा. कारण लिहायचं म्हटलं की नुसत्या ठाम आवाजावर उत्तर ठरत नाही, ‘का?’ हे कोणीतरी विचारतंच.