दागिन्यांचा लॉकर घेताना नाव कोणाचं टाकायचं

कापसाचे पैसे आले, पोरीच्या लग्नाचा गोफ, पोत, बांगड्या घडवल्या आणि तालुक्याच्या बँकेत लॉकर घेतला, इथवर सगळे नीट करतात. गडबड होते ती अर्जावरच्या नावात.

समजा, समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने हिंगणघाटच्या शाखेत फक्त स्वतःच्या नावाने लॉकर घेतला आणि आपल्या मागे लॉकर कोणाला उघडू द्यायचा याची नोंद, म्हणजे नॉमिनेशन, केलीच नाही. तो गेला की बायकोच्या हातात चावी असूनही बँक लॉकर उघडू देणार नाही. त्याने सही करून दिलेलं अधिकारपत्रही त्याच्यासोबतच संपतं. मग वारसांची कागदपत्रं आली, आणि भावाभावांत वाद असला तर कोर्टही आलं.

म्हणून आधी नवरा-बायको दोघांच्या नावाने लॉकर घ्या आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ हा पर्याय लिहून द्या. ‘दोघांनी मिळून’ लिहिलं, तर दर वेळी दोघांनाही शाखेत जावं लागतं. मग नॉमिनेशनचा फॉर्म भरा आणि त्याची पोच मागून घ्या. नॉमिनी असला, तर मृत्यूचा दाखला आणि ओळखपत्र देऊन दावा करता येतो. कागद पूर्ण झाल्यावर बँकेने पंधरा दिवसांत दाव्यावर कार्यवाही करायची असते. लॉकर साक्षीदारांसमोर उघडून वस्तूंची यादी केली जाते. मात्र नॉमिनी मालक होत नाही, इतर वारसांचा हक्क कायम राहतो. हे घरात आधीच बोलून ठेवा.

आता नुकसानीचं. आत काय आहे याची नोंद बँक ठेवत नाही आणि त्याचा विमाही काढत नाही. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यातून माल गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. भाडं 2000 रुपये असेल तर 2 लाख, आत दहा तोळे असोत की चाळीस. वणा नदीचा पूर, वीज किंवा भूकंप यांनी झालेल्या नुकसानीची जबाबदारी बँकेवर नाही. मोठा ऐवज असेल तर विमा कंपनीकडे वेगळा विमा काढा आणि लॉकरमधल्या दागिन्यांनाही तो लागू आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्या. सोनाराची पावती, वजन आणि फोटो घरी जपा. दावा करताना तेच कामी येतात.

भाडं सलग तीन वर्षं थकलं तर बँक लॉकर फोडू शकते. लॉकर उघडला की बँक एसएमएस पाठवते, पण बंद पडलेला नंबर नोंदलेला असला तर तो तुम्हाला कळणारच नाही. सिम बदललं की शाखेत नवा नंबर द्या. आपण न उघडता मेसेज आला, तर लगेच लेखी तक्रार करा, कारण कॅमेऱ्याचं चित्रण बँकेने किमान 180 दिवसच ठेवायचं असतं.