कॅश क्रेडिटच्या व्याजात २७४ रुपये जास्त का लागले?

जूनचं व्याज १२,६३० रुपये लागलं, तेव्हा मी स्टेटमेंट घेऊन बसलो. आमच्या कॅश क्रेडिटची, म्हणजे बँकेकडून गरजेप्रमाणे उचलायच्या कर्जखात्याची, मर्यादा २० लाख, दर वर्षाला ११ टक्के. व्याज मर्यादेवर नाही, रोजच्या अखेरच्या नावे शिलकेवर लागतं. पहिले १० दिवस १५ लाख उचल होती, पुढचे २० दिवस १३ लाख. रोजच्या शिलकांची बेरीज ४१० लाख. तिला ११ ने गुणून ३६,५०० ने भागलं, तर १२,३५६ आले. मग वरचे २७४ कशाचे?

मग आहरण शक्ती, म्हणजे माल आणि येणी यांच्या आधारावर प्रत्यक्षात किती उचलता येतं ती रक्कम, पाहिली. माल १८ लाख, त्यातून मालाचे आम्ही द्यायचे राहिलेले २ लाख वजा, उरलेल्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे १२ लाख. ९० दिवसांच्या आतली येणी १० लाख, ४० टक्के मार्जिन काढून ६ लाख. एकूण १८. बँकेच्या नोंदीत मात्र १२ लाखच! येणी धरलीच नव्हती, म्हणून १२ लाखांच्या वरच्या उचलीवर २ टक्के जादा आकार बसला होता.

स्टॉक स्टेटमेंटची पोच आणि कोणाकडची येणी किती दिवसांची आहेत त्याची यादी जोडून अर्ज दिला. (पोच जपून ठेवली होती, नाहीतर अवघड होतं.) आठवड्यात नोंद सुधारली, २७४ रुपये मागच्या तारखेने जमा झाले.